हाताची थरथर आणि हालचालीतला मंदपणा: घरच्यांनी काय बघायचं, पुढे काय धरून चालायचं

प्रश्न: "वडील ६९ वर्षांचे आहेत. सात-आठ महिन्यांपासून टीव्ही बघत बसले की उजवा हात थरथरतो, कप उचलला की थांबतो. ते म्हणतात वय झालं. हा पार्किन्सन असेल का? असेल तर आम्ही घरच्यांनी कशाची तयारी ठेवायची?"

थरथर लांबूनही दिसते, म्हणून घरचे तिच्याबद्दलच विचारतात. निदान मात्र तिच्यावर ठरत नाही. पार्किन्सन म्हणायचं तर हालचालीत मंदपणा असावाच लागतो, आणि त्याच्या जोडीला विश्रांतीतला कंप किंवा स्नायूंचा ताठरपणा यांपैकी किमान एक. कंप अजिबात नसलेले पार्किन्सनचे रुग्ण मी नेहमी बघते. मंदपणा नसलेला एकही नसतो. त्यामुळे वडिलांचा हात थरथरतो की नाही यापेक्षा तो हात मागे पडायला लागलाय का, हे बघणं जास्त कामाचं आहे. पुढच्या तयारीचाही बराचसा भाग त्या मंदपणाभोवतीच फिरतो.

तरी कंपाचं आधी बोलू, कारण तुम्ही लिहिलेली एक गोष्ट खरंच महत्त्वाची आहे: कप उचलला की थरथर थांबते. हात मांडीवर सैल पडलेला असताना येणारा, एकाच बाजूने सुरू झालेला, सेकंदाला साधारण चार ते सहा वेळा होणारा कंप पार्किन्सनकडे बोट दाखवतो. त्यात बहुतेकदा अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासतात, बोटांत गोळी वळावी तशी. चालताना किंवा डोक्यात हिशेब चालू असताना तो वाढतो, झोपेत थांबतो.

म्हातारपणी याहून जास्त आढळतो तो दुसराच कंप. त्याला डॉक्टर इसेन्शियल ट्रेमर म्हणतात. त्यात मांडीवरचा हात शांत असतो आणि पेला ओठांशी नेताना पाणी सांडतं. तो सहसा दोन्ही हातांना असतो, वर्षानुवर्षं हळूहळू वाढत आलेला असतो, आणि आई-वडिलांपैकी कुणाला तरी होता असं बऱ्याचदा कळतं. मान हलते, आवाज कापतो, अक्षर मोठं आणि वेडंवाकडं होतं. पार्किन्सनमध्ये मान सहसा हलत नाही. काही हललंच तर हनुवटी किंवा ओठ हलतात, आणि अक्षर बारीक होत जातं.

इथे एक गफलत होते. पार्किन्सनचा रुग्ण हात समोर ताठ धरतो तेव्हा काही सेकंद हात शांत राहतो आणि मग कंप परत सुरू होतो. घरच्यांना वाटतं, हात धरल्यावरही थरथरतोय म्हणजे हा दुसरा प्रकार. म्हणून हात समोर धरायला सांगितला की पंधरा-वीस सेकंद घड्याळ लावून बघा. लगेच सुरू झाला की थांबून सुरू झाला, हा फरक डॉक्टरला उपयोगी पडतो.

आता मंदपणा. वय झालेला माणूसही सावकाश असतो, पण त्याची हालचाल सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखी सावकाश असते. पार्किन्सनमध्ये तीच हालचाल पुन्हा पुन्हा केली की आक्रसत जाते. वडिलांना अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर पंधरा-वीस वेळा टेकवायला सांगा, जमेल तितक्या भरभर आणि बोटं पूर्ण उघडून. पहिले चार-पाच टेके व्यवस्थित होतात. मग बोटं कमी उघडायला लागतात, मध्येच अडखळतात, शेवटी नुसती चुळबुळ उरते. लगेच दुसऱ्या हाताने करायला सांगा. दोन हातांतला फरक हीच खरी खूण. दोन्ही हात सारखेच सावकाश असतील तर मी घाईने पार्किन्सन म्हणणार नाही.

तसंच कोऱ्या, बिनरेघी कागदावर एकच वाक्य आठ-दहा ओळी लिहायला लावा. ओळीच्या शेवटी अक्षर बारीक होतंय का, खालच्या ओळी वरच्यांपेक्षा बारीक आहेत का, ते बघा. तीन-चार वर्षांपूर्वीची सही सापडली तर शेजारी ठेवा. चालताना एक हात अंगाला चिकटून राहतो आणि दुसरा झुलतो का, त्याच बाजूची चप्पल घासली जाते का, शर्टाची बटणं लावायला, अंथरुणात कूस बदलायला पूर्वीपेक्षा किती वेळ लागतो, हेही बघा. चेहरा शांत, थोडा कोरा होतो आणि पापण्या कमी लवतात. हे रोज बघणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. दोन वर्षांनी भेटलेला पाहुणा मात्र "यांना काय झालंय, रागावलेत का?" असं विचारून जातो.

कंपाच्या आधीच्या काही गोष्टीही असतात: वास न येणं, जुनं बद्धकोष्ठ, उगाच उदास राहणं, आणि झोपेत स्वप्नाप्रमाणे हातपाय मारणं, ओरडणं. यातल्या पहिल्या तीन इतक्या सर्रास आढळतात की एकेकट्या त्यांना काही अर्थ नाही. चौथीला मी वजन देते. शेजारी झोपणारी व्यक्ती "हे कित्येक वर्षं झोपेत लाथा मारतात" असं म्हणाली, आणि आता एका हाताला कंप असेल, तर माझा कल निदानाकडे बराच झुकतो.

डॉक्टरकडे जाण्यापूर्वी एक काम मात्र चुकवू नका: वडील गेल्या वर्षभरात घेत असलेल्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत भरा. चक्करेसाठी दिल्या जाणाऱ्या सिनारिझिन आणि फ्लुनारिझिन, उलटी-मळमळीच्या मेटोक्लोप्रामाइड आणि प्रोक्लोरपेराझिन, ॲसिडिटीच्या काही मिश्रणांत असणारं लेव्होसल्पिराइड, आणि मानसिक आजारांवरची बरीच औषधं मेंदूतल्या डोपामिनचं, म्हणजे हालचालींचा निरोप नेणाऱ्या रसायनाचं, काम अडवतात. त्यातून हुबेहूब पार्किन्सनसारखं चित्र तयार होतं. दोन्ही बाजू साधारण सारख्या असतील तर संशय वाढतो, पण एका बाजूला जास्त असलं म्हणून औषधाची शक्यता मिटत नाही. चक्कर कधीच गेलेली असते आणि गोळी मात्र चालूच राहते, असं वारंवार दिसतं. गोळी बंद केली की हे चित्र बहुधा काही आठवड्यांत ते काही महिन्यांत ओसरतं. सहा महिने लागले तरी नवल नाही. मात्र स्वतःच्या मनाने काही बंद करू नका. मानसिक आजाराची औषधं तर अजिबात नाही. पिशवी दाखवा आणि विचारा.

निदान हे मुख्यतः बघून, तपासून केलं जातं. एमआरआय बहुतेक वेळा दुसरं काही नाही ना, एवढं बघण्यासाठी असतो. रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून पार्किन्सन नाही, असं होत नाही. डोपामिनचा एक विशेष स्कॅन असतो, पण तो मोजक्याच अडलेल्या ठिकाणी लागतो. याहून उपयोगी म्हणजे तुमच्या मोबाइलमधला दोन मिनिटांचा व्हिडिओ. हात मांडीवर ठेवून शंभरातून सात-सात वजा करत जाताना, बोटं टेकवताना, आणि दहा पावलं चालून वळताना. दवाखान्यात माणूस सावरून बसतो. घरचा व्हिडिओ खरं दाखवतो.

पुढे काय होतं ते एका रुग्णाच्या आधाराने सांगते, ओळख पटेल असे तपशील बदलून. एक निवृत्त शिक्षिका, वय ७१. उजवा खांदा आखडला म्हणून वर्षभर शेक आणि व्यायाम चालले होते. मग बँकेत सही जुळेना, आणि शेवटी मांडीवरचा उजवा हात थरथरायला लागला, तेव्हा मुलगा माझ्याकडे घेऊन आला. खांद्याच्या दुखण्याने सुरू होणारा पार्किन्सन हा काही अपवाद नाही. ताठर झालेला स्नायू सांध्याला नीट हलू देत नाही, आणि इलाज सांध्यावर होत राहतो. मी त्यांचं उजवं मनगट सैल धरून फिरवलं आणि डाव्या हाताची मूठ उघडझाप करायला सांगितली, तेव्हा मनगटात दातेरी चाकासारखे बारीक बारीक अडथळे लागले. बोटं टेकवताना उजवा हात सातव्या-आठव्या टेक्याला थकला. डावा ठीक होता.

पार्किन्सनचं मुख्य औषध म्हणजे मेंदूत जाऊन डोपामिन बनणारं लेव्होडोपा. त्याची, लेव्होडोपा १०० आणि कार्बिडोपा २५ मिलिग्रॅमची गोळी अर्धी-अर्धी तीन वेळा सुरू केली आणि काही आठवड्यांत एक-एक तीन वेळा अशी वाढवली. हे प्रमाण त्यांचं होतं. तुमच्या वडिलांचं वजन, रक्तदाब, इतर आजार बघून वेगळं ठरेल. सुरुवातीला मळमळ झाली, पोटात थोडं काही टाकून गोळी घेतल्यावर ती गेली. (मळमळीसाठी मेटोक्लोप्रामाइड चालत नाही, हे वर आलंच आहे.) दीड महिन्यात बटणं लवकर लागायला लागली, खांदा मोकळा झाला, अक्षर सुधारलं. मुलगा मात्र नाराज होता, कारण हात अजून थरथरत होता.

ही नाराजी फार घरांत बघते. मंदपणा आणि ताठरपणा औषधाला बहुधा चांगली दाद देतात; कंपाचा भरवसा नसतो. कुणाचा पूर्ण जातो, कुणाचा अर्धा, कुणाचा तसाच राहतो, आणि चारचौघांत, ताणात तर वाढतोच. तेवढ्यासाठी गोळ्या वाढवत नेल्या तर अंग वेडंवाकडं हलणं, भास, रक्तदाब उतरणं हे मागे लागतं. कंपावर ट्रायहेक्सिफेनिडिल नावाची जुनी गोळी आहे, पण सत्तरीच्या आसपास ती विसराळूपणा, गोंधळ, लघवी तुंबणं आणि बद्धकोष्ठ देते, म्हणून मी या वयात टाळते. बाईंना मी विचारलं, हात थरथरल्यामुळे कोणतं काम अडतं? त्या म्हणाल्या, "काम नाही अडत, लोक बघतात." मग आम्ही औषध होतं तिथेच ठेवलं.

पहिली दोन-अडीच वर्षं चांगली गेली. बहुतेकांची जातात. मग मुलाचा फोन आला की आई हट्टी झाली आहे: सकाळी स्वतःचं सगळं आवरते आणि दुपारी खुर्चीतून उठायलाही नको म्हणते. मी त्याला आठवडाभर वही ठेवायला सांगितली: गोळीची वेळ, जेवणाची वेळ, आणि दर अर्ध्या तासाला फक्त 'मोकळी' किंवा 'जड' एवढा एक शब्द. वही आली तेव्हा हट्टाचा प्रश्नच उरला नाही. आठची गोळी पावणेनऊला लागू पडत होती, आणि साडेबाराच्या पुढे पाय जड, आवाज खाली. पुढची गोळी दोनला, तीही जेवून उठल्यावर लगेच, आणि मोकळेपणा यायला साडेतीन. म्हणजे दोन वेगवेगळ्या अडचणी एकमेकींवर चढल्या होत्या. गोळीचा परिणाम पुढच्या गोळीच्या आधीच संपत होता, आणि दुपारची गोळी जेवणातल्या प्रथिनांशी स्पर्धा करत उशिरा शोषली जात होती. आम्ही वेळा सात, अकरा, तीन, सात अशा केल्या आणि जेवण बारानंतर ठेवलं. रक्तासाठी त्या लोहाची गोळी घेत होत्या, तीही लेव्होडोपाला आतड्यात अडवते; ती रात्री झोपताना, म्हणजे शेवटच्या गोळीपासून दोन तासांहून जास्त लांब, सरकवली. दुपार परत मिळाली.

घरच्यांनी धरून चालायची सर्वांत मोठी गोष्ट हीच: एकच माणूस अकराला करू शकतो ते एकला करू शकत नाही, आणि त्यात ढोंग नसतं. 'मघाशी जमलं, मग आता का नाही' यावरून घरात जितकी भांडणं होतात तितकी थरथरीवरून होत नाहीत. अंघोळ, बाहेर जाणं, बँकेची कामं मोकळ्या तासांत लावा. प्रश्न विचारल्यावर उत्तराला वेळ लागतो. दहा सेकंद थांबा, त्यांच्या वतीने उत्तर देऊ नका. बटणं लागायला पाच मिनिटं लागत असतील तर पाच मिनिटं आधी सुरुवात करा, पण बटणं त्यांनाच लावू द्या. जे काम तुम्ही उरकून टाकता ते हातातून लवकर जातं. चेहरा कोरा असेल तर मूड चेहऱ्यावरून ओळखू नका, विचारा. आणि खरी उदासीही या आजाराचाच भाग असते, तिला उपचार असतात.

वेग किती, हे मी तुम्हाला सांगू शकत नाही, आणि कुणी ठामपणे सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. कंप ठळक असणाऱ्यांचा आजार बहुधा सावकाश पुढे जातो; सुरुवात उशिरा झाली असेल तर तोल आणि स्मरण लवकर बिघडण्याची शक्यता जास्त. साधारणपणे एका बाजूवरून दुसऱ्या बाजूला जायला काही वर्षं लागतात, आणि तोल बिघडणं त्यानंतरचं. म्हणूनच पहिल्या दोन-तीन वर्षांतच वारंवार पडणं, सुरुवातीपासूनच लघवीवर ताबा नसणं, पहिल्याच वर्षात स्पष्ट भास किंवा मोठा विसराळूपणा, किंवा पुरेशी लेव्होडोपा घेऊनही काहीच फरक नसणं, यातलं काही दिसलं तर निदान पुन्हा तपासून घ्या. पार्किन्सनसारखे दिसणारे दुसरे आजार आहेत आणि त्यांची वाट वेगळी असते.

पडण्याबद्दल एक नेहमीचा प्रसंग. दारात किंवा वळताना पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात. अशा वेळी हात धरून ओढलं तर धड पुढे जातं, पाय मागे राहतात आणि माणूस तोंडावर पडतो. थांबा, त्यांनाही थांबू द्या, वजन एका पायावर घ्यायला सांगा, आणि 'एक, दोन, तीन' म्हणत मोठं पाऊल टाकायला सांगा. जमिनीवर आडवी पट्टी चिकटवली तर ती ओलांडायला पाय सहज उचलला जातो. वळताना जागच्या जागी गिरकी नको, मोठा वळसा घ्यायचा. चालताना गप्पा आणि हातात सामान, दोन्ही नको.

दुसरं कारण रक्तदाबाचं. आजार आणि औषध दोन्ही उभं राहिल्यावर दाब उतरवतात. आडवं असताना आणि उभं राहून तीन मिनिटांनी मोजा. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरत असेल तर डॉक्टरांना कळवा. कित्येकदा दाब वाढल्याच्या जुन्या गोळ्याच आता जास्त होत असतात.

आता घाईची गोष्ट. हा आजार महिन्यांच्या हिशोबाने बदलतो, दिवसांच्या नाही. दोन-चार दिवसांत माणूस एकदम ढासळला, गोंधळला, उठेनासा झाला तर 'आजार वाढला' म्हणून घरी बसू नका. लघवीचा किंवा छातीचा संसर्ग, आठवडाभराचं बद्धकोष्ठ, चुकलेल्या गोळ्या किंवा कुणीतरी नव्याने दिलेलं औषध, यांतलं काहीतरी सापडतं आणि बहुतेकदा दुरुस्त होतं. जेवताना ठसका लागायला लागला तर तोही कळवा; गिळण्याची तपासणी करणारे तज्ज्ञ असतात, आणि छातीचे संसर्ग बऱ्याचदा तिथूनच येतात.

वडिलांना पार्किन्सन ठरलाच, तर एक कागद त्याच दिवशी त्यांच्या पाकिटात आणि तुमच्या मोबाइलमध्ये ठेवा, कारण कधी ना कधी दुसऱ्याच कारणासाठी रुग्णालयात राहावं लागतं. त्यावर चार ओळी पुरतात. गोळ्यांची नावं आणि घड्याळी वेळा, 'दिवसातून चारदा' असं नाही. लेव्होडोपा अचानक बंद करू नये, कारण त्यातून तीव्र ताठरपणा, ताप आणि जिवावरचा प्रसंग ओढवू शकतो. तोंडाने काही घेता येत नसेल तर नळीवाटे कसं द्यायचं ते न्यूरॉलॉजिस्टला विचारावं. आणि मेटोक्लोप्रामाइड, प्रोक्लोरपेराझिन, हॅलोपेरिडॉल देऊ नये. रात्री गोंधळलेल्या वृद्धाला शांत करायला हॅलोपेरिडॉल सर्रास दिलं जातं, आणि त्या वेळी ड्युटीवरच्या डॉक्टरला हा कागद दाखवणारं माणूस तुम्हीच असणार.